हळद साबणात गेली की तिचं कुंकू होतं

बारामतीत बचत गटांच्या एका प्रशिक्षणात हातात एक कागद पडला. वर ठळक अक्षरांत ‘विक्री वाढवणारी वाक्ये’ असं शीर्षक आणि खाली हातसाबणाच्या वेष्टनावर छापायला तयार वीस-बावीस ओळी. ‘मुरुम, पुटकुळ्या, नायटा यांवर गुणकारी.’ ‘सोरायसिस व एक्झिमामध्ये आराम.’ ‘काळे डाग सात दिवसांत नाहीसे.’ ‘पूर्णपणे केमिकल-फ्री.’ ‘पीएच संतुलित.’ ‘हळद, कडुलिंब व शेळीचे दूध यांच्या औषधी गुणांनी युक्त.’ शिकवायला आलेले गृहस्थ मार्केटिंगमधले होते आणि बोलायला गोड. ते म्हणाले, “ताई, गिऱ्हाईक साबण विकत घेत नाही, फायदा विकत घेतं. फायदा लिहा.” चाळीस बायांनी माना डोलावल्या आणि कागदाचे मोबाईलवर फोटो काढले.

फायदा लिहा, हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. नुसतं ‘हातसाबण, १०० ग्रॅम, रुपये १२०’ असं लिहिलं तर किराणा दुकानातली पस्तीस-चाळीस रुपयांची वडी सोडून ही का घ्यायची, हे कुणालाच कळणार नाही. माझं भांडण आहे ते त्या कागदावर फायद्यांच्या नावाखाली जे छापलंय त्याच्याशी. त्यातली एकही ओळ त्या चाळीस जणींपैकी एकीलाही सिद्ध करता येणार नाही, आणि दोन ओळी तर सरळ खोट्या आहेत.

आधी माझंच माप माझ्या पदरात घालते. नऊ वर्षांपूर्वी मी साबण करायला लागले तेव्हा माझ्या पहिल्या वेष्टनावर ‘पीएच ५.५, त्वचेला अनुकूल’ असं लिहिलं होतं. कुठल्या तरी बाटलीवर वाचलेलं, आवडलेलं, उचललेलं. इंदापूरच्या एका रसायनशास्त्राच्या शिक्षिकेनं दोन वड्या घेतल्या, आठवड्यानं परत आल्या आणि काही न बोलता पर्समधून पीएच तपासायच्या कागदी पट्ट्या काढल्या. वडी ओली केली, फेसावर पट्टी टेकवली. पट्टी हिरवीनिळी झाली. डबीवरच्या रंगांशी जुळवली तर नऊ आणि दहाच्या मधे कुठे तरी. त्या म्हणाल्या, “साबण आहे म्हणजे हे असंच येणार. साडेपाच आलं असतं तर तो साबणच नसता.” माझा चेहरा पाहून त्यांनी पैसे परत मागितले नाहीत. उरलेली सगळी वेष्टनं मी चुलीत घातली.

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. तेलातली स्निग्धाम्लं कॉस्टिक सोड्याशी जोडली गेली की साबण तयार होतो, आणि तो मुळातच अल्कधर्मी असतो. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, साधारण पाचच्या आसपास. तेल आणि कॉस्टिक यांचा खरा साबण साडेपाचवर आणायला गेलं तर तो फुटतो, स्निग्धाम्लं सुटी होऊन वर येतात. साडेपाच पीएचच्या वड्या बाजारात मिळतात, पण त्या वेगळ्या, कृत्रिम निर्मलकांच्या असतात. तेव्हा ‘पीएच संतुलित’ ही ओळ हातसाबणावर छापणं म्हणजे दहा रुपयांच्या पट्टीनं उघडं पडणारं खोटं.

‘केमिकल-फ्री’ हे दुसरं. कॉस्टिक सोड्याशिवाय साबण होत नाही. आपण सगळ्या जणी हातमोजे आणि चष्मा घालून, खिडक्या उघडून, पाण्यात कॉस्टिक सोडतो (कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही, हे तरी त्या प्रशिक्षणात शिकवलं होतं), आणि मग बाहेर येऊन रसायनमुक्त म्हणतो! खरी गोष्ट सांगायला काय हरकत आहे? तेलाच्या मानानं कॉस्टिक थोडा कमी घातला तर तो सगळा वापरला जातो, पिकलेल्या वडीत मोकळा उरत नाही आणि थोडं तेल तसंच शिल्लक राहतं. ही साबण करणारणीच्या कौशल्याची गोष्ट आहे. ती लपवून रसायनमुक्तीची बढाई मारायची, म्हणजे स्वयंपाकिणीनं चुलीशिवाय भाकरी केल्याचं सांगण्यासारखं आहे.

आता हळद. कागदावर सगळ्यांत जास्त भर हिच्यावर होता, आणि इथे रसायनशास्त्राच्या शिक्षिकेचीही गरज नाही. हळदीचा डाग पडलेली साडी साबणाने धुवायला घेतली की डाग लाल होतो, हे मराठी घरात लहान मुलालाही माहीत असतं. हळदीला चुना लागला की ती लाल होते, आणि हळदीपासून कुंकू करायची आपली जुनी रीत याच गुणावर उभी आहे. हळदीतला पिवळा रंग म्हणजे कुरकुमिन. अल्कलीत त्याचा रंग पालटतो आणि तो फार काळ टिकतही नाही, तुटत जातो. कॉस्टिकच्या पाण्यात चमचाभर हळद टाकून बघा, लालभडक होईल. साच्यात ओतलेली वडी आधी विटकरी दिसते, पिकता पिकता उतरते, आणि उन्हाच्या खिडकीत ठेवली तर फिकी पडते. म्हणजे ज्या कुरकुमिनच्या नावावर तुम्ही औषधी गुण विकता, त्याचं आपल्याच भांड्यात काय होतं ते आपल्याच डोळ्यांना दिसतंय. शिवाय जे काही उरतं ते अंगावर अर्धा मिनिट राहतं आणि मोरीत जातं.

यावर नेहमीचं उत्तर येतं, आणि त्या दिवशीही आलं: “आपल्या आज्या काय वेड्या होत्या का?” मुळीच नव्हत्या. पण त्यांनी हळद साबणात घातली नव्हती. त्या हळद दुधात, साईत, हरभऱ्याच्या पिठात कालवून अंगाला लावायच्या आणि वाळेपर्यंत ठेवायच्या. त्यात कॉस्टिक नव्हता. उटण्याची परंपरा उचलून ती साबणाच्या वडीवर चिकटवता येत नाही, कारण मधे एक रासायनिक क्रिया घडलेली असते. कडुलिंबाचंही तेच. निंबोळी तेल साबणात गेलं की त्याचा बहुतांश साबण होतो, उग्र वास तेवढा मागे राहतो. पानांच्या अर्कानं काचेच्या बशीतले जंतू मेले, असा एखादा प्रयोग कुठे तरी छापून आला असेलही. पण तो अर्कावरचा प्रयोग आहे, तुमच्या वडीवरचा नाही. प्रश्न एवढाच विचारायचा: ही वडी, हिच्यातल्या प्रमाणासह, माणसांच्या अंगावर लावून कुणी तपासली का? उत्तर नाही असेल तर ती ओळ छापायची नाही.

दुसरं उत्तर जास्त व्यवहारी असतं. मोठ्या कंपन्या लिहितात, मग आम्हालाच का अडवता? याला दोन गोष्टी सांगते. एक, मोठी कंपनी ‘९९.९ टक्के’ लिहिते तेव्हा तिच्याकडे त्याच मालावरचा प्रयोगशाळेचा अहवाल असतो आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत अटी असतात. तो दावा किती कामाचा हा वेगळा वाद. दोन, मोठ्यांनाही सुटका नसते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१६ मध्ये ट्रायक्लोसान धरून १९ जंतुनाशक घटक घरगुती साबणांतून काढायला लावले, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते जास्त उपयोगी आहेत आणि रोज वापरायला सुरक्षित आहेत, हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. आणि आपल्याकडे पतंजलीला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल सर्वोच्च न्यायालयातल्या खटल्यात एप्रिल २०२४ मध्ये वर्तमानपत्रांतून जाहीर माफी छापावी लागली. त्यांच्याकडे वकिलांची फौज होती. भिगवणच्या पाच बायांच्या गटाकडे काय आहे?

“बचत गटाला कोण विचारतंय?” असं ते गृहस्थ हसत म्हणाले होते. कायदा विचारतो. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात साबण पूर्वी सौंदर्यप्रसाधनांतून वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीनं ती सूट गेली. तेव्हापासून अंगाला लावायचा साबण हे सौंदर्यप्रसाधन आहे, घरी केलेला असो की कारखान्यात. विकायला करायचा तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, आणि तो २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली मिळतो. ही बाब त्या प्रशिक्षणात कुणी उच्चारलीही नाही, हा माझा वेगळा राग आहे. पण वर्णनापुरतं महत्त्वाचं वेगळंच. कायदा सौंदर्यप्रसाधन आणि औषध यांत फरक करतो तो वस्तू कशासाठी आहे यावरून. स्वच्छ करणं, सुंदर दिसणं, यासाठी असेल तर प्रसाधन. रोगाचा उपचार, प्रतिबंध किंवा उतार यासाठी असेल तर औषध. वस्तू कशासाठी आहे हे ठरवताना तुमचं वेष्टन वाचलं जाणार. त्यावर ‘नायटा’ हा शब्द छापला त्या क्षणी तुमच्या हातातली तीच वडी, तेच तेल, तोच साचा, विनापरवाना औषध ठरू शकते. ‘आयुर्वेदिक’ लिहून सुटका होत नाही, त्याला वेगळा परवाना लागतो.

आणि ‘कोडावर उपयुक्त’ असं लिहिणारीही मी पाहिली आहे. कोड हा १९५४ च्या औषधे व जादूटोणासदृश उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीतला आजार. त्यावर उपचाराची जाहिरात करणं हाच गुन्हा, पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्या कायद्यात जाहिरातीची व्याख्या वाचण्यासारखी आहे: सूचना, पत्रक, लेबल, वेष्टन, तोंडी घोषणा, इतकंच काय प्रकाश, आवाज किंवा धूर यांतून केलेली घोषणासुद्धा. १९५४ साली धुरापर्यंत विचार केलेल्या माणसांना व्हॉट्सॲपचं स्टेटस कल्पनेत नसेल, पण ते व्याख्येत बसतं. म्हणून ‘वेष्टनावर नको, स्टेटसला टाकू’ हाही उपाय नाही. गिऱ्हाइकानं पाठवलेला ‘ताई, तुमच्या साबणानं माझे मुरुम गेले’ हा निरोप तुम्ही पुढे ढकलला की तो तुमचा दावा होतो. तिचे मुरुम परीक्षा संपली म्हणून गेले असतील, डॉक्टरांच्या मलमानं गेले असतील. तुम्हाला माहीत नाही आणि तिलाही नाही.

काही जणी शब्दांची पळवाट काढतात. ‘बरा करतो’ नको, ‘गुणकारी’ लिहू. ‘गुणकारी’ नको, ‘मदत होऊ शकते’. ते नको, नुसतं ‘मुरुमांसाठी साबण’. (हे शेवटचं वाचून मला नेहमी वाटतं की मुरुमांच्या आंघोळीची सोय झाली.) क्रियापद कितीही मऊ केलं तरी रोगाचं नाव तिथेच राहतं, आणि वाचणारी बाई क्रियापद वाचत नाही, रोगाचं नाव वाचते. म्हणून माझा नियम साधा आहे. वेष्टनावर रोगाचं नाव नको. वडीच्या नावातही नको, चित्रातही नको, डाग असलेला गाल आणि डाग गेलेला गाल असा जोडफोटो तर नकोच नको.

नायट्याचं मी मुद्दाम पुन्हा काढते, कारण तो आपल्या भागात थट्टेचा विषय राहिलेला नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत देशभर नायटा चिवट झालाय. दुकानातून विचारून घेतलेल्या स्टेरॉइडच्या मलमांनी तो दबतो आणि पसरतो, नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. उसाच्या फडात घामानं ओल्या कपड्यांत दिवस काढणाऱ्या माणसाला तो होतो, मग घरभर फिरतो. अशा घरात ‘नायट्यावर गुणकारी’ वडी गेली तर काय होईल? महिनाभर दवाखाना लांबेल. आणि एक वडी सगळं घर वापरेल. शंभर-सव्वाशे रुपयांच्या विक्रीसाठी हे ओझं घ्यायची माझी तयारी नाही.

मग लिहायचं काय? इथे त्या गृहस्थांचा खरा पराभव होतो असं मला वाटतं, कारण आपल्या वडीत सांगण्यासारखं आहे ते त्यांना दिसलंच नाही. रोग सोडला तर साबणात फायदा उरत नाही, असं त्यांनी गृहीत धरलं. दिवाळीचा मोती साबण आठवा. टाटा ऑइल मिल्सचा तो, पुढे हिंदुस्तान लिव्हरकडे गेला. मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या अभ्यंगस्नानाला तो आला तो गोल आकार, वास आणि पहाटेची आठवण यांच्या जोरावर. कुठला रोग जातो म्हणून आपण तो आणत नव्हतो.

एक वडी घेऊन दाखवते, माझी गुळाची. एक किलो तेलाचा घाणा धरा: खोबरेल ४५० ग्रॅम, शेंगदाणा तेल ४००, एरंडेल १५०. या तिन्ही तेलांना पूर्ण साबण व्हायला मिळून साधारण १५६ ग्रॅम कॉस्टिक लागतो. मी पाच टक्के कमी, म्हणजे १४८ ग्रॅम घालते. कॉस्टिकच्या दुप्पट पाणी, त्यातल्याच थोड्या पाण्यात आधी विरघळवलेला २० ग्रॅम गूळ. गुळामुळे मिश्रण जास्त तापतं आणि काकवीसारखं तपकिरी होतं. दुसऱ्या दिवशी कापून सहा आठवडे जाळीवर. हे सगळं सांगितलं कारण वर्णनाचं प्रत्येक वाक्य या घाण्यातूनच निघायला हवं. घाण्यात नाही ते वेष्टनावर नाही.

आता फायदा शोधू. इंदापूर-बारामतीत घरोघरी बोअरचं पाणी आहे आणि ते जड आहे. निरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात तर खारपड जमिनींचा प्रश्न इतका जुना की कृषितज्ज्ञ हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी निरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर १९१० सालीच पुस्तिका लिहिली होती. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जोडलं जातं, फेस मरतो आणि बादलीला पांढरा चिकट थर बसतो. इथल्या बाईची साबणाबद्दलची खरी तक्रार ‘फेसच येत नाही’ ही आहे. सोरायसिस नव्हे. आणि खोबरेलाचा साबण जड आणि खाऱ्या पाण्यात इतर तेलांच्या साबणापेक्षा बरा फेसाळतो, म्हणून तर खलाशी समुद्राच्या पाण्यात तो वापरायचे. एरंडेलानं फेस टिकतो, साखरेनं तो वाढतो. म्हणजे आपल्याकडचा गूळ या वडीत खरोखर काही तरी करतो, आणि ते काम त्वचेवर नाही, फेसावर आहे.

हे सिद्ध करायला प्रयोगशाळा लागत नाही. एकसारख्या दोन बाटल्या घ्या. दोन्हींत बोअरचं शंभर मिली पाणी. एकीत आपल्या वडीचा एक ग्रॅम कीस, दुसरीत बिनगुळाच्या, कमी खोबरेलाच्या वडीचा. कीस विरघळेपर्यंत थांबा, मग दोन्ही वीस वेळा सारख्याच जोरानं हलवा आणि फेसाची उंची पट्टीनं मोजा. पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. हे तीन वेगळ्या दिवशी, तीन गावांच्या पाण्यावर करा आणि वहीत तारखेसह लिहा. फरक दिसला तर लिहायचं. दिसला नाही तर घाण्यात बदल करायचा, वाक्यात नाही. पहिल्या खेपेला माझ्याकडे दिसलाच नव्हता, कारण तेव्हा खोबरेल जेमतेम पाव किलो घालत होते.

दुसरी गोष्ट ग्लिसरीनची. साबण होताना तेलातून ग्लिसरीन सुटतं. मोठ्या कारखान्यांत ते बहुधा वेगळं काढून विकतात, आपल्या पद्धतीत ते वडीतच राहतं. हे खरं आहे आणि कृतीवरूनच सिद्ध होतं. पण इथे एक पायरी घसरते. ‘ग्लिसरीन वडीत राहतं’ हे विधान माझ्या भांड्याबद्दल आहे. ‘म्हणून त्वचा ओलसर राहते’ हे विधान गिऱ्हाइकाच्या त्वचेबद्दल आहे, आणि ते मी तपासलेलं नाही. मधला ‘म्हणून’ मी काढून टाकते. जिला तो लिहायचा असेल तिनं वीस बायांना नाव न सांगता दोन वड्या द्याव्या, आठ-आठ दिवस वापरायला सांगावं, आणि अंग ओढल्यासारखं कोणत्या वडीनं कमी वाटलं ते विचारावं. त्यातही कोणती वडी कोणती हे विचारणारीला माहीत नसावं, नाही तर आपण उत्तर तोंडात घालतो. तेव्हाही लिहायचं ते ‘वापरणाऱ्यांना असं वाटलं’ एवढंच.

तर माझ्या वेष्टनावर आज हे आहे:

‘गुळाची वडी. खोबरेल, शेंगदाणा तेल आणि एरंडेल यांचा, हातानं ढवळलेला आणि सहा आठवडे जाळीवर वाळवलेला साबण. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे, त्यात फेस यावा म्हणून खोबरेल सढळ घातलंय आणि फेस भरघोस व्हावा म्हणून गूळ. तपकिरी रंग गुळाचाच, वेगळा रंग नाही. सुगंधी द्रव्य घातलेलं नाही. साबण होताना तयार झालेलं ग्लिसरीन वडीतच आहे, त्यामुळे दमट हवेत तिला घाम फुटतो, तो पुसून घ्या. जाळीच्या डबीत ठेवा, पाण्यात राहिली तर लवकर विरघळेल. त्वचा फार कोरडी असेल तर ही वडी तुमच्यासाठी नाही, आमची बदामाची पाहा. डोळ्यांत गेल्यास झोंबेल, पाण्याने धुवा.’

खाली घटकांची यादी, घाणा क्रमांक, परवाना क्रमांक, पत्ता, तारखा, किंमत आणि वजन. वजन सहा आठवड्यांनंतरचं. कापताना ११० ग्रॅमची वडी पाणी उडून शंभराच्या आसपास येते, आणि ओल्या वजनावर छापलं तर तेही खोटंच.

‘कोरडी त्वचा असेल तर तुमच्यासाठी नाही’ या ओळीवर गटातल्या एकीनं डोकं धरलं होतं. “आपणच गिऱ्हाईक घालवायचं?” पण खोबरेलाचं प्रमाण वाढलं की साबण जास्त तेल ओढून नेतो, हे खरंच आहे. ते लपवलं तर हिवाळ्यात तीच बाई पांढरे पडलेले हात दाखवायला येते. ओळ छापल्यावर झालं असं की बाया वेष्टन उलटून वाचायला लागल्या, आणि फेसाच्या ओळीवरही त्यांचा विश्वास बसला. ‘घाम फुटतो’ या शब्दांमुळे तर पावसाळ्यात ‘वडी खराब झाली’ म्हणून येणारे फोन थांबले. माल परत येत नाही, हाही विक्रीचाच भाग आहे. त्या कागदावरच्या बावीस ओळींत वडी कुठे ठेवायची, हे एकदाही नव्हतं.

नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक, हा शेवटचा गैरसमजही त्या कागदावर होताच. गवती चहाचं तेल नैसर्गिक आहे, आणि त्यातल्या सिट्रालची काही जणांना ॲलर्जी होते. शेंगदाण्याची ॲलर्जी असणारी माणसं असतात, म्हणून शेंगदाणा तेलाचं नाव मी पहिल्याच ओळीत लिहिते. शेंगदाणा तेल जुनं किंवा खवट असलं तर काही महिन्यांत वडीवर केशरी ठिपके उठतात आणि वास येतो. ‘नैसर्गिक’ हा शब्द यातलं काहीच सांगत नाही. त्याच्या जागी तेलांची नावं आणि तारीख लिहिली की वाचणारीला ठरवता येतं.

हे सगळं लिहूनही गिऱ्हाईक जातं, हे त्या गृहस्थांना मी कबूल करते. परवा इंदापुरात एका प्रदर्शनात एक बाई आल्या, बरोबर दहा-अकरा वर्षांचा मुलगा. त्यांनी मुलाची कॉलर बाजूला करून मानेवरचा गोल चट्टा दाखवला आणि विचारलं, “यावर चालंल का?” मी म्हटलं, “नाही ताई. हा अंग धुवायचा साबण आहे. त्याला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर त्याचा टॉवेल वेगळा ठेवा.” त्यांनी वडी हुंगली, वेष्टन उलटून पाहिलं, आणि परत ठेवली. चार टेबलं पलीकडे हिरव्या वड्या होत्या, कडुलिंबाच्या, वर लाल अक्षरांत तो बारामतीच्या कागदावरचाच मजकूर. तिथे त्यांनी दोन घेतल्या. गर्दी ओसरल्यावर मी त्या टेबलावरच्या ताईंकडे गेले आणि विचारलं, तुमच्या वडीचा पीएच कधी पाहिलाय का? त्या नाही म्हणाल्या. माझ्या पिशवीत पट्ट्यांची डबी असते. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.